वास येत नसल्याबाबत

माणसाला नाक कशाला दिलंय, तर दुसऱ्याच्या कामात खुपसायला, असं बाईंच्या सासूबाईंचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी जग पाहून वगैरे नाही, सुनेकडे पाहून बनवलं होतं. आणि खोटं कशाला बोला, त्यात तथ्य होतं. बाई जिथं नोकरीला होत्या तिथंही त्यांना सगळे 'चौकशीबाई' म्हणत. टेबलावरच्या पाटीवर 'परीक्षा समन्वयक' असं लिहिलेलं होतं, पण पाट्या वाचतो कोण?

नोकरी होती चहा चाखणाऱ्यांच्या परीक्षा केंद्रात. अशीही परीक्षा असते म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग म्हणतात, आम्ही तर रोज सकाळी पास होतो. व्यापारात मात्र त्यात हसण्यासारखं काही नाही. गोदामात पेट्यांच्या थप्प्या येऊन पडतात. त्यातली कुठली चांगली, कुठली धुरकट, कुठली ओल लागून कुबट झालेली, हे कुणीतरी तोंडात घेऊन सांगावं लागतं, आणि त्याच्या शब्दावर मालाचा भाव ठरतो. तसा शब्द द्यायचा परवाना या केंद्रात मिळायचा. लेखी परीक्षा सोपी असायची. प्रात्यक्षिकात मात्र भल्याभल्यांच्या नाकी नऊ यायचे. लांब टेबलावर पांढरे पेले ओळीनं मांडलेले, प्रत्येकाखाली फक्त एक क्रमांक. चमच्यानं घोट घ्यायचा, जोरात फुर्र करून ओढायचा, थुंकायचा आणि कागदावर गुण लिहायचे. ते गुण मुख्य परीक्षकांच्या गुणांशी जितके जुळतील तितकं यश.

तर एका सोमवारी सकाळी बाईंनी संगणक उघडला आणि केंद्राच्या मेलवर हे पत्र आलेलं दिसलं.

'विषय : आजारपणामुळे प्रात्यक्षिक परीक्षेची तारीख बदलून मिळण्याबाबत.

माननीय परीक्षा समन्वयक,

मी आपल्या केंद्राची नोंदणीकृत परीक्षार्थी असून माझी प्रात्यक्षिक परीक्षा येत्या गुरुवारी आहे. प्रवेशपत्राची प्रत सोबत जोडली आहे. काही दिवसांपूर्वी मला सर्दी व ताप आला. ताप उतरला आहे, मात्र तेव्हापासून मला कोणताही वास येत नाही. मी परीक्षेस हजर राहू शकते, परंतु परीक्षा देऊ शकत नाही. ही माझी तिसरी व शेवटची संधी आहे. तरी कृपया मला पुढील सत्रातील तारीख द्यावी, ही नम्र विनंती.

डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यात "दैनंदिन कामास योग्य" असे लिहिले आहे. "परीक्षेस असमर्थ" असे लिहावे अशी विनंती मी केली होती. परंतु मी स्वतः चालत दवाखान्यात गेले असल्याने तसे लिहिणे खोटे ठरेल, असे ते म्हणाले.

अर्जाच्या नमुन्यातील पर्यायी तारखेची जागा मी रिकामी ठेवली आहे. वास कधी परत येईल हे मला माहीत नाही.

आपली विश्वासू.'

बाईंनी हे पत्र पहिल्यांदा वाचलं ते कामाचं म्हणून, आणि दुसऱ्यांदा वाचलं ते मजा वाटली म्हणून. आजारपणाचे अर्ज त्यांनी ढिगानं पाहिले होते. कुणाचा पाय मोडायचा, कुणाला कावीळ व्हायची, आणि एकाला तर दर परीक्षेच्या आदल्या दिवशी न चुकता पोटदुखी व्हायची. पण स्वतःच्या अर्जाच्या विरोधात जाणारा दाखला स्वतःच जोडणारी, आणि वर तो असा का आहे हे प्रामाणिकपणे सांगणारी परीक्षार्थी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. 'ही एक तर अगदीच साधी आहे, नाही तर महाबिलंदर आहे,' बाई मनाशी म्हणाल्या आणि त्यांनी सरळ फोन लावला. अर्जदाराला फोन करू नये असा काही नियम नव्हता. असता तरी बाईंनी केला असता.

फोनवर एका तरुण मुलीचा आवाज होता, थोडा घोगरा. मुलगी एका गोदामाच्या नमुनाखोलीत काम करायची. चाखणाऱ्यांसाठी चहा तोलायचा, पाणी उकळायचं, पेले विसळायचे. विसळता विसळता उरलेले घोट घेऊन ती शिकली होती. तिथले जुने चाखणारे आता निवृत्त होणार होते, आणि परवाना मिळाला तर ती जागा तिची, असं मालकांनी कबूल केलं होतं.

"आणि नाही मिळाला तर?" बाईंनी विचारलं.

"मग बाहेरून कुणीतरी येईल आणि मी त्यांचे पेले विसळेन," ती म्हणाली. "तसं काम वाईट नाही हो. पण आता मला कळतं ना चहातलं. कळत असताना नुसतं विसळायचं म्हणजे जिवावर येतं."

"बरं, पण वास येत नाही म्हणजे नेमकं काय होतं गं? चव तर येत असेल की."

"तुम्ही घरी नाक दाबून चहा पिऊन बघा, ताई," ती म्हणाली.

केंद्राचे नियम बाईंना पाठ होते. आजारपणाचा अर्ज आला की तो मुख्य परीक्षकांपुढे ठेवायचा, त्यांनी मान्य केला तर संधी शाबूत राहते आणि पुढच्या सत्राची तारीख मिळते. नाही तर हजर व्हायचं. गैरहजर राहिलं तरी संधी वाया. उत्तर बुधवारी दुपारपर्यंत जायला हवं होतं.

मुख्य परीक्षकांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. उंच, वाळकुडे, पांढऱ्या मिशांचे. मिशांच्या वर ते नाक, ज्याच्याबद्दल या धंद्यात दंतकथा होत्या. दारातून आत आलेल्या माणसानं सकाळी काय खाल्लं ते सर सांगत, असं म्हणायचे. त्यांनी अर्ज वाचला, दाखला वाचला आणि कागद परत सरकवला.

"नामंजूर."

"सर, शेवटची संधी आहे तिची."

"नियम काय म्हणतो? 'उपस्थित राहण्यास असमर्थ'. ती स्वतः लिहितेय की उपस्थित राहू शकते. मग राहू दे." सरांनी चष्मा काढला. "सर्दी म्हणजे काय आजार झाला? लोक ताप अंगावर काढून परीक्षा देतात. चाखणं ही सवय असते, बाई. नाक थोडं इकडेतिकडे झालं म्हणून हातातली कला जात नाही."

आता सर एरवी शिस्तीचे असले तरी खडूस नव्हते. त्या पोटदुखीवाल्यालासुद्धा त्यांनी हसत हसत दोनदा तारीख दिली होती. आजच असं नाकावर राग घेऊन का बसले आहेत, हे बाईंना कळेना. आणि कळेना म्हटलं की बाईंना चैन पडत नसे.

संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी चहा टाकला, कप घेऊन बसल्या आणि दोन बोटांनी नाक दाबलं.

"हे काय आता नवीन?" सासूबाई म्हणाल्या.

"ऑफिसचं काम आहे," बाई गेंगाण्या आवाजात म्हणाल्या आणि घोट घेतला. गरम होतं, गोड होतं, जिभेला जरासं तुरट लागलं. बस. चहा असा त्यात नव्हताच. बाईंनी नाक सोडलं तसा तो धावत आल्यासारखा आला. त्यांनी परत दाबलं, परत गेला. मग काय विचारता, घरात प्रयोगशाळाच सुरू झाली. लेकीनं आईचे डोळे बांधले आणि चमच्यानं काय काय भरवायला सुरुवात केली. कच्चा बटाटा आणि सफरचंद यातला फरक बाईंना सांगता आला नाही. कांद्याला त्या 'काहीतरी फळ आहे, रसाळ' म्हणाल्या. मग नाक सोडल्यावर काय झालं ते सांगायला नको. नवरा हसून हसून बेजार झाला आणि मग स्वतःही नाक दाबून बसला. शेवटी सासूबाईंनाही राहवलं नाही. त्यांनी कॉफीचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे तर नुसतं कडू पाणी. कसं जगत असतील गं अशी माणसं?"

बाई हसता हसता गप्प झाल्या. खेळ होता म्हणून बोटं सोडता येत होती. त्या पोरीला बोटं सोडायची सोय नव्हती.

मंगळवारी त्या सरांच्या खोलीत गेल्या त्या हट्टानंच. सर गुरुवारसाठी नमुने निवडत होते. समोर पेल्यांची रांग होती, सोबत मालाचं वर्णन लिहिलेली प्रत्येक गोदामाची चिठ्ठी. बाईंनी काल घरी केलेला उद्योग त्यांना सांगितला, कांद्यासकट.

"सर, मला एकच सांगा. नाक बंद असलेला माणूस चहा चाखूच शकत नाही ना? मग तुम्ही कसं म्हणता की कला जात नाही?"

सरांनी पेला उचलला आणि उजेडाकडे धरला. त्यांना शिकवायला आवडायचं, ते बाईंना पक्कं माहीत होतं.

"शकतो," ते म्हणाले. "तुम्ही नवख्या, म्हणून तुमचं सगळंच गेलं. मुरलेल्या माणसाकडे बरंच उरतं. एक म्हणजे रंग. पाण्याचा रंग आणि पेल्याच्या कडेला दिसणारी ती सोनेरी रेघ. त्यावरून निम्मं कळतं. मग तुरटपणा. तो वास नाही, तो हिरड्यांना लागतो, गाल आतून आवळल्यासारखे होतात. कुठला चहा किती आवळतो हे लक्षात ठेवायचं. मग जडपणा. पातळ आहे की जिभेवर बसतो. उकळलेल्या पानाचा रंग बघायचा, तांब्यासारखा आहे की काळपट. आणि गोदामाची चिठ्ठी आधी वाचायची. दुसरा कुणी चाखत असेल तर त्याला आधी बोलू द्यायचं, आपण मान हलवायची. फक्त धूर आणि कुबट वास यात फसायला होतं. तिथं काहीच हाती लागत नाही. मग म्हणायचं, हा नमुना परत मागवा, पाणी नीट उकळलेलं नाही. सकाळी जरा बरं असतं असं वाटतं, पण ते वाटणंच असतं. पहिल्या आठवड्यात माणूस घाबरतो. मग सवय होते."

एवढं बोलून त्यांनी पेला खाली ठेवला.

बाई तोंड उघडून ऐकत होत्या. इतकं बारीक, इतकं टप्प्याटप्प्यानं सांगितलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आणि जिभेला हाड नसलेल्या माणसाचं जे होतं तेच त्यांचं झालं. मनात आलेला प्रश्न विचार करायच्या आत बाहेर पडला.

"सर, तुम्हाला हे इतकं कसं माहीत?"

खाली ठेवलेला पेला सरांनी थोडा डावीकडे सरकवला, मग परत उजवीकडे. बाईंच्या मनात एकदम मागच्या महिन्यातला तो दिवस आला. पॅन्ट्रीत दूध करपलं होतं, सगळं ऑफिस नाकाला रुमाल लावून बाहेर पळालं होतं, आणि सर आपल्या खोलीत शांतपणे सह्या करत बसले होते. तेव्हा बाईंना वाटलं होतं, काय ही एकाग्रता.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "कधीपासून?"

"मागचं सत्र संपलं, त्यानंतर ताप आला होता ना मला." सरांनी खिशातून रुमाल काढला आणि नुसता हातात धरला. "तेव्हापासून. वाटलं, आठवड्यात येईल. मग वाटलं, महिन्यात येईल. बायकोलाही सांगितलं नाही. ती जेवण वाढते आणि विचारते, कसं झालंय. मी म्हणतो, फक्कड. काय फक्कड? मला मीठ कळतं, तिखट कळतं. आमचा नातू आहे, सहा महिन्यांचा. त्याच्या टाळूला नाक लावतो आणि काही नाही. कागद हुंगल्यासारखं."

बाईंना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी रागही आला, कारण त्या मुलीचा अर्ज त्यांच्या हातात होता.

"आणि गुरुवारी तुम्ही गुण देणार होता," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे कागद तुमच्या गुणांशी जुळवणार होतो आपण."

"चिठ्ठ्या होत्या ना समोर. रंग होता. जमवलं असतं."

"म्हणून तिला नाही म्हणालात?"

सरांनी मान वर केली नाही. "तिच्या अर्जाला हो म्हटलं असतं तर काय म्हटल्यासारखं झालं असतं, बाई? की ज्याला वास येत नाही त्यानं या टेबलाशी उभंच राहू नये. ते पत्र वाचताना मला वाटलं, कुणीतरी माझंच लिहिलंय. एवढीशी पोर, सगळं जाणार आहे तिचं, आणि सरळ लिहून मोकळी झाली. मी चाळीस वर्षं या नाकावर जगलो. नाक गेल्यावर मी कोण, सांगा. एक म्हातारा, ज्याला चहाचे रंग ओळखता येतात."

आयुष्यात पहिल्यांदा बाईंकडे पुढचा प्रश्न नव्हता. त्या उठल्या, पॅन्ट्रीत गेल्या, दोन कप चहा घेऊन आल्या आणि एक सरांपुढे ठेवला. दोघांनी तो प्यायला.

"गरम आहे," सर शेवटी म्हणाले. "तेवढं खरं सांगू शकतो."

मग त्यांनी स्वतःच विचारलं, "मुख्य परीक्षक आजारी असेल तर नियम काय?"

"सत्र पुढे जातं. कुणाचीच संधी मोजली जात नाही," बाई म्हणाल्या. "पण परीक्षकानं तसं केंद्राला मेलवर कळवावं लागतं. आणि दाखला."

"दाखला," सर म्हणाले. "मीही चालतच जाणार की दवाखान्यात."

दोघांनाही हसू आलं, आणि हसताना सरांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत. संगणक पुढे ओढून त्यांनी एकेका बोटानं टाइप करायला घेतलं. बाईंनी मदत करायला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला केला. 'मी मुख्य परीक्षक या नात्याने कळवतो की, आजारपणामुळे मला वास येत नाही,' एवढं वाक्य लिहायला त्यांना बराच वेळ लागला. बाई शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. पर्यायी तारखेच्या जागी सर थांबले. मग त्यांनी लिहिलं, 'दुसरा परीक्षक नेमून केंद्राने ठरवावी,' आणि पत्र पाठवून दिलं.

पुढचं काम बाईंचं होतं. संचालकांना सांगितलं, ते आधी चिडले, मग घाबरले, मग सही केली. सगळ्या परीक्षार्थींना मेल गेले की गुरुवारचं सत्र रद्द झालं आहे, नवी तारीख कळवू, कुणाचीही संधी खर्ची पडलेली नाही. त्या मुलीच्या मेलखाली बाईंनी आणखी एक ओळ घातली. वास तोवर आला नाही तर परत अर्ज करा, दाखल्याचा नियम बदलायचा प्रस्ताव दिला आहे. मग राहवेना म्हणून त्यांनी सरांच्याच खोलीतून तिला फोन लावला.

मुलीनं इतका मोठा श्वास सोडला की तो सरांनाही ऐकू आला.

"ताई, तुम्हीच केलंत ना हे?"

"मी कसली. परीक्षकच आजारी आहेत."

"अरे बापरे. काय झालंय त्यांना?"

बाईंनी सरांकडे बघितलं. सरांनी हात पुढे करून फोन घेतला.

"मला वास येत नाही, बाळ," ते म्हणाले. "तुझ्यासारखंच. मीच तो परीक्षक."



"सर," मुलगी म्हणाली, "किती दिवस झाले?" आणि सरांनी सांगितल्यावर ती म्हणाली, "मी तुम्हाला एक सांगू का? मेलमध्ये लिहिलं नव्हतं, कारण तेव्हा झालंच नव्हतं. काल संध्याकाळी पेले विसळताना मला साबणाचा वास आला. अगदी थोडा. एकदाच. मग गेला."

सर खुर्चीत ताठ झाले. फोन त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"नेमका कसा आला?" ते म्हणाले. "आधी नाकात की घशात? थंड वाटला का? सावकाश सांग. काही गाळू नकोस. मला सगळं ऐकायचंय."

मुलगी सांगू लागली. बाईंनी दार ओढून घेतलं आणि त्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या. आत काय चाललंय हे ऐकायची त्यांना अनावर इच्छा होती, पण त्या दारापासून लांब गेल्या.